नुसता फोटो

काळी काच, तिच्यावर पेटलेली दोन अक्षरं, आणि काचेत उमटलेली ट्यूबलाइट. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. नमस्कार नाही, नाव नाही, ‘हे काय झालंय हो’ एवढंसुद्धा नाही. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाचा फोन उघडा, असे फोटो ढिगाने सापडतील. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने फोटो हाच प्रश्न असतो, पुन्हा तोच शब्दांत कशाला लिहायचा?

आमच्या नाशकातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात यावरून मामा-भाचीचं कायम वाजत असतं. मामा वॉशिंग मशीन फक्त अर्धस्वयंचलित मिळायची तेव्हापासून या धंद्यात आहेत. भाचीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, आणि दुकानाचा फोन आता तिच्या ताब्यात असतो. मिक्सरचा कपलर बदलेपर्यंत बसलो होतो तेव्हा त्यांचा वाद पहिल्यांदा सविस्तर ऐकायला मिळाला. चहावाल्याशी, गिऱ्हाइकांशी आणि फोनशी मध्येमध्ये जे बोलणं झालं ते गाळून तो इथे देतो.

भाची : बघा. परत एक. नाव नाही, पत्ता नाही, कंपनी नाही. नुसतं 5E. मी काय ज्योतिष सांगू?

मामा : ज्योतिष कशाला? पाणी उपसत नाहीये. ड्रेन पंप नाहीतर फिल्टर. पत्ता विचार आणि संध्याकाळची वेळ दे. यात त्यांनी आणखी काय लिहायला हवं होतं?

भाची : मशीन कुठलं आहे, काय करत असताना थांबलं, आत पाणी आहे का. एवढं तरी?

मामा : अगं, लोकांना लिहायला लावलंस ना, की ते काय लिहितात माहितेय? ‘मोटर जळली आहे, किती होतील?’ नळ बंद असतो आणि लिहितात मोटर जळली. शेजारच्यांची जळलेली असते म्हणून. मग आपण मोटरचा विचार डोक्यात घेऊन जातो आणि पहिला अर्धा तास मोटरच्या मागे घालवतो. त्यापेक्षा फोटो परवडला. फोटोत त्यांचं मत नसतं.

भाची : मत नसतं हे खरं. पण माहिती तरी असते का? हे 5E आहे हे तुम्हाला कसं कळलं? SE नसेल कशावरून?

मामा : एकच ते.

भाची : काचेवर एकच दिसतं. एका अंकाला सातच दांड्या असतात, त्या पेटवून-विझवून सगळं लिहायचं. त्यात पाच आणि S यांत काही फरकच राहत नाही. शून्य आणि मोठा O तसेच. मोठा D काढायला गेलं तर शून्य होतो आणि मोठा B काढला तर आठ होतो, म्हणून दाराचा कोड कायम छोट्या d ने लिहितात, dE असा. लोक मला फोनवर ‘सहा’ म्हणून सांगतात तो कित्येकदा छोटा b असतो.

मामा : वाचायला पाच म्हण, नाहीतर S म्हण. पाणी उपसत नाही हा अर्थ कुठे बदलतोय?

भाची : तोच तर बदलतो! सॅमसंगच्या वॉशिंग मशीनवर 5E म्हणजे पाणी बाहेर जात नाही. कबूल. त्यांच्याच अनेक मायक्रोवेव्हवर SE आला तर त्याचा अर्थ पॅनेलचं एखादं बटण आतल्या आत दाबलेलं राहिलंय. ओल जाऊन बटणांच्या पापुद्र्यात शॉर्ट होतो. आता या फोटोत काचेच्या दोन इंचांपलीकडे काही दिसतंय? ड्रम दिसतोय? दार दिसतंय? उद्या मी यांना ‘खालचा फिल्टर उघडा’ म्हणून सांगितलं आणि तो मायक्रोवेव्ह निघाला तर ते घरी कुठला तरी स्क्रू उघडायला बसतील.

मामा यावर पहिल्यांदा गप्प बसले. मायक्रोवेव्हच्या बाबतीत ते विनोद चालू देत नाहीत. त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज निघते आणि कपॅसिटरमध्ये ती प्लग काढल्यावरही साठून राहू शकते. वॉशिंग मशीनचा फिल्टर घरच्या माणसाने जरूर उघडावा. मायक्रोवेव्हचं कव्हर त्याने अजिबात उघडू नये. दोन अक्षरं तीच दिसली तरी एकीकडे उघडायला सांगायचं आणि दुसरीकडे हात लावू नका म्हणायचं, इतका हा फरक मोठा आहे.

मामा : बरं, मग स्टिकरचा फोटो मागव. दाराच्या आत नाहीतर मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो. दोन फोटो झाले की काम झालं. शब्द तरीही लागले नाहीत.

भाची : स्टिकर तर हवाच. OE घ्या. एलजीच्या मशीनवर तो आला की पाणी बाहेर जात नाही. सॅमसंगवर तोच आला की पाणी गरजेपेक्षा जास्त भरलं. LE एलजीवर मोटरचा, सॅमसंगच्या कित्येक मशीनवर गळतीचा. म्हणजे इंटरनेटवर नुसतं ‘LE एरर’ शोधून कोणी मोटर मागवली तर मागवणाऱ्याचा दोष नाही, पण मोटर वाया.

मामा : म्हणून म्हणतो, फोटो आपल्याकडे पाठवावा आणि शांत बसावं.

भाची : फोटोवर तरी कुठे विश्वास ठेवायचा? परवा एकाचा फोटो आला त्यात नुसता E. पुढे-मागे काही नाही. मी म्हटलं कोड पूर्ण येऊ दे, मग काढा. त्यांनी परत काढला, आता नुसता डावा अंक. ते चिडले, म्हणाले समोर दोन्ही दिसतायत.

मामा : डिस्प्ले गेला असेल.

भाची : डिस्प्ले ठणठणीत होता. सगळे अंक एका वेळी पेटतच नाहीत, मामा. कार्ड एकेक अंक आळीपाळीने पेटवतं, पण इतक्या भराभर की आपल्या डोळ्याला सगळे सलग पेटलेले दिसतात. बाल्कनीत भर उन्हात फोटो काढला की फोनची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटते. तेवढ्यात जो अंक पेटलेला असतो तोच येतो. मी त्यांना पडदा ओढून सावलीत फोटो काढायला सांगितला. आला दोन्ही अंकांसकट.

(ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरी येऊन सेट-टॉप बॉक्सच्या घड्याळावर करून पाहिली. खिडकीतून ऊन येत असताना मिनिटांचे दोन्ही अंक गायब झाले.)

मामा : हे सगळं तुझं अक्षर ओळखण्याचं झालं. एकदा अक्षर बरोबर कळलं आणि कंपनी कळली, मग तरी मान्य करशील ना की बिघाड कळला?

भाची : नाही. आता खरा मुद्दा आला. कोड म्हणजे बिघाड नाहीच. तुम्हीच मला शिकवलंय, मशीनला पाणी गेलं की नाही हे कसं कळतं ते. सांगा यांना.

‘यांना’ म्हणजे मला. मामांनी कोपऱ्यातल्या उघड्या फ्रंट लोडकडे मला नेलं. त्यांना वादापेक्षा हे जास्त आवडतं, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

मामा : हा बाहेरचा टब. याच्या तळाशी ही डबी दिसते? हिच्यातून ही बारीक रबरी नळी निघते आणि पार वर जाते, या चकतीसारख्या सेन्सरला. टबात पाणी चढलं की डबीतली हवा कोंडते. हवेला जायला जागा नाही, म्हणून ती नळीतून वर दाब देते. सेन्सरच्या आतला पडदा त्या दाबाने हलतो, आणि कार्डाला कळतं पाणी किती आहे ते. पाणी उतरलं की दाब उतरतो. मशीनला पाण्याबद्दल जे काही कळतं ते एवढ्या नळीतून.

भाची : म्हणजे पंप फिरतोय की नाही, फिल्टरमध्ये नाणं अडकलंय का, बाहेरचा पाइप दुमडलाय का, हे मशीनला दिसतं का?

मामा : बहुतेक साध्या मशीनना नाही दिसत. कार्ड पंपाला वीज सोडतं आणि घड्याळ लावतं. ठरलेल्या मिनिटांत, बऱ्याच मशीनमध्ये दहाएक धर, दाब उतरला नाही की हात टेकतं आणि कोड लावतं.

भाची : झालं तर. कोडचा अर्थ ‘पंप गेला’ असा नाहीच मग. त्याचा अर्थ ‘मी पंपाला वीज दिली, इतकी मिनिटं थांबले, आणि मला अजून पाणी असल्याचं वाटतंय’ एवढाच. वाटतंय, बरं का. मागच्या महिन्यात तुम्ही काय काढलंत त्या रबरी नळीतून?

मामा : (हसत) साबणाचा गाळ. चिकट, राखाडी, लोण्यासारखा. डबीचं तोंडच बुजलेलं. पाणी सगळं निघून गेलं होतं, ड्रम कोरडा, पण हवा वर कोंडून राहिली. मशीन बसलंय, पाणी आहे पाणी आहे म्हणत. त्यांनी आधीच्या माणसाकडून पंप बदलून घेतला होता आणि कोड तसाच.

भाची : आणि फोनवर एकच प्रश्न विचारला असता, दाराच्या काचेतून आत पाणी दिसतंय का, तर नवा पंप वाचला असता.

इथे जरा थांबून हे नीट उलगडायला हवं, कारण पाणी न उपसण्याचा कोड हा घराघरांत सर्वांत जास्त दिसणाऱ्या कोडांपैकी आहे आणि मामा-भाची दोघांनाही तो इतका पाठ आहे की ते भराभर पुढे जातात. कोड लागलाय आणि काचेतून पाणी दिसतंय, तर मशीन पुन्हा चालू करून फक्त पाणी काढण्याचा किंवा पिळण्याचा प्रोग्रॅम लावायचा आणि मशीनच्या खालच्या भागाशी कान न्यायचा. पंप घुमतोय, पण पाणी जात नाही, म्हणजे वाट अडली आहे. पंपाचा आवाजच नाही, म्हणजे पंपापर्यंत वीज येत नाही किंवा त्याची कॉइल तुटली आहे, आणि मग मीटर लावणारा माणूस बोलवायला हवा. पाणीच दिसत नाही आणि तरी कोड आहे, तर संशय त्या रबरी नळीवर आणि सेन्सरवर.

वाट अडली असेल तर ती घरी मोकळी करता येते. प्लग काढायचा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर पाणी निवू द्यायचं. पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. काही मशीनना शेजारी बारीक नळी असते, तिचं बूच काढून आधी परातीत पाणी काढून घ्यायचं, कारण बादलीभर पाणी आत असू शकतं. मग फिल्टर हळूहळू डावीकडे फिरवायचा. नाणी, केसांच्या पिना, बटणं आणि ब्राची तार या त्यातल्या नेहमीच्या वस्तू.

फिल्टर काढल्यावर आत बोट घातलं की पंपाची पाती लागतात. मामांनी मला ती फिरवायला लावली. ती सरळ गरगर फिरत नाहीत, अडखळत फिरतात. थोडी जातात, अडतात, जोर लावला की टक्कन पुढे. मला वाटलं जाम आहे. मामा म्हणाले, सगळ्यांना तसंच वाटतं. आत लोहचुंबक आहे, म्हणून चांगला पंप असाच फिरतो. एखादा पंप मुळीच अडखळला नाही, अगदी मोकळा फिरला, तर उलट पाती दांड्यावरून सुटली असल्याची शंका घ्यावी.

मामा : आता माझं ऐक. गंगापूर रोडच्या त्या घराची गोष्ट सांगतो, ती माझ्या बाजूची आहे.

भाची : ती माझ्या बाजूची आहे!

मामा : मशीनवर पाणी भरत नसल्याचा कोड. कंपनीचं नाव जाऊ दे. मशीन चांगलं होतं. त्यांनी आदल्या मेकॅनिकला फोटो पाठवला, तो इनलेट व्हॉल्व्ह घेऊनच आला. जाळी साफ केली, व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तोच कोड. मग फोटो माझ्याकडे आला. मी गेलो. नळाखाली बादली लावली, दाब झकास. जुना व्हॉल्व्ह त्यांनी ठेवला होता, त्याला मीटर लावला, चार हजार ओहमच्या आसपास, म्हणजे तोही चांगलाच होता. मशीन चालू केलं. साबणाच्या खणातून पाणी धो धो येतंय. म्हणजे पाणी येतंय, आणि मशीन म्हणतंय येत नाही.

मी : नळी बुजलेली?

मामा : नाही. काचेतून बघितलं तर ड्रमचा तळ नुसता ओला. इतकं पाणी आलं ते गेलं कुठे? मग मोरीकडे लक्ष गेलं. मोरीत फेस. धुणं सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत आणि साबणाचा फेस मोरीत कसा येईल? ड्रेन पाइपाच्या तोंडाला हात लावला, पाणी वाहतंय. पंप बंद, आणि पाणी वाहतंय.

इथे मामांनी जे समजावलं ते मला या सगळ्या संवादातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ड्रेन पंपाला दरवाजा नसतो. पंप बंद असतानाही त्याच्यातून वाट मोकळी असते. मग धुताना पाणी टबात राहतं कशामुळे? पाइपाच्या उंचीमुळे. पाइप मशीनच्या पाठीमागून आधी वर नेलेला असतो आणि वर क्लिपमध्ये अडकवलेला असतो. साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून तो गेला पाहिजे, असं बहुतेक फ्रंट लोडच्या पुस्तिकांत सांगितलेलं असतं. टबातलं पाणी त्या उंचीपर्यंत चढत नाही म्हणून ते बाहेर पडत नाही. पंप लागला की ते ढकललं जातं आणि उंचवटा ओलांडून जातं. पाइप क्लिपमधून निसटून फरशीवर लोळायला लागला की टब म्हणजे तळाला भोक पडलेलं भांडं. व्हॉल्व्हने वरून ओतायचं आणि खालून मोरीत जायचं. दाब कधी तयारच होत नाही, घड्याळ संपतं, आणि मशीन प्रामाणिकपणे सांगतं की पाणी आलं नाही. दोष बाहेर जाणाऱ्या पाइपाचा, कोड आत येणाऱ्या पाण्याचा.

मामा : पाइप उचलला, क्लिपमध्ये बसवला. पैशाचा सुटा भाग लागला नाही. आता सांग, यात कुठला प्रश्न उपयोगी पडला असता? डोळे आणि हात लागले.

भाची : त्या घरात आठवड्यापूर्वी काय झालं होतं?

मामा : …फरशी बदलली होती.

भाची : मशीन ओढून बाहेर काढलं, परत ढकललं. त्या बाईंनी हे तुम्हाला कधी सांगितलं? तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. ‘फरशी बसवल्यापासून असं करतंय’ एवढं एक वाक्य फोटोखाली असतं तर आदला मेकॅनिक व्हॉल्व्ह न आणता मशीनच्या पाठीमागे डोकावला असता.

मामा : डोकावला नसता. तो व्हॉल्व्ह विकायला आला होता.

याला भाचीकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. कोड आणि सुटा भाग यांची जोडी लावून टाकणं मेकॅनिकला सोयीचं असतं, आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं, कारण काचेवरच तसं ‘लिहिलेलं’ असतं.

भाची : ठीक, पण म्हणूनच नुसता फोटो धोक्याचा. फोटो बघून समोरच्याला जे विकायचंय ते तो विकू शकतो.

मामा : आणि नुसत्या शब्दांवर विकता येत नाही? बाई, शब्दांवर तर पूर्ण मशीन विकतात. बरं, आता एक गोष्ट तू मान्य कर. कोड कायम राहत नाही. बटण बंद-चालू केलं की पुसला जातो. मी घरी पोचेपर्यंत मशीन साळसूद उभं असतं, मी चालवतो, चालतं. लोक म्हणतात, ‘तुम्ही आलात की नीट वागतं.’ तिथे त्या फोटोशिवाय माझ्याकडे काहीही पुरावा नसतो. पंचवटीतल्या चौथ्या मजल्याचं आठवतं?

भाची : पाणी भरत नसल्याचा कोड, अधूनमधून.

मामा : तीन फोटो, वेगवेगळ्या दिवशी. एकाही फोटोखाली शब्द नाही. मी कोड वाचलाच नाही, फोटो आला त्या वेळा वाचल्या. तिन्ही दुपारी एकच्या पुढे. सकाळी कधीच नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी बरोबर डोक्यावर. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. उलटं आहे. दहा मीटर उंचीने एक बार दाब मिळतो. खालच्या मजल्याला तो मिळतो, वरच्याला टाकी आणि नळ यांच्यात दोन मीटर असले तर पाव बारसुद्धा नाही. सकाळी टाकी भरलेली, कसंबसं भागतं. दुपारपर्यंत टाकी उतरते, तेवढा फूट-दोन फूटही जातो, आणि मशीनचं घड्याळ आधी संपतं. जाळी साफ केली, आणि त्यांना सांगितलं धुणं सकाळी लावा, नाहीतर दाब वाढवणारा छोटा पंप बसवा. हे त्यांना शब्दांत विचारलं असतं, ‘कधी होतं?’, तर काय म्हणाले असते?

भाची : ‘कधीही होतं.’

मामा : ‘नेहमीच होतं’ म्हणाले असते! माणूस वैतागला की सगळं नेहमीच होतं. फोटो वेळेला येतो.

मला इथे मामांचं पारडं जड वाटलं. माणसाला काय झालं ते आठवत नाही, त्याचा त्रास किती झाला ते आठवतं. पण लक्षात घ्या, मामांना उत्तर कोडने दिलं नाही. कोड तिन्ही वेळा तोच होता. फोटोच्या कडेला जे आपोआप चिकटून आलं, त्याने उत्तर दिलं. भाचीचंही म्हणणं तेच, फक्त ते आपोआप येण्याची वाट तिला बघायची नाही.

भाची : आणि जे बिघाडच नाहीत त्यांचं काय? CL चे किती फोटो येतात! एलजीवर CL म्हणजे चाइल्ड लॉक. बटण तीन सेकंद दाबून धरायचं, संपलं. घरात कोणीतरी पुसताना दाबलेलं असतं. त्यावर लोक दोन दिवस धुणं हाताने धुतात.

मामा : त्याला प्रश्न लागतो का? फोटो आला, तू एका ओळीत उत्तर दिलंस, पैसे नाहीत, गिऱ्हाईक आयुष्यभराचं. हा फोटो मला फार आवडतो.

भाची : मला पण आवडतो. पण असे थोडे. तसंच ते फेसाचं. सॅमसंगवर Sud येतो, लोक 5ud वाचतात आणि पाच नंबरचा काहीतरी भयंकर बिघाड समजतात. आत फेस जास्त झालाय, बाकी काही नाही. बादलीत धुवायची पावडर मुठीने टाकलेली असते. मशीन स्वतःच थांबून फेस बसायची वाट बघतं.

मामा : आणि त्याच पावडरीचा गाळ पुढे नळीत जातो.

भाची : म्हणून मी ठरवलंय, एक उत्तर तयार करून ठेवायचं. नुसता फोटो आला की ते आपोआप जाईल. वाचून दाखवू?

तिने वाचून दाखवलं. मॉडेलच्या स्टिकरचा फोटो पाठवा. यंत्र पूर्ण दिसेल असा एक फोटो लांबून काढा. कोड लागायच्या वेळी मशीन पाणी भरत होतं, धूत होतं की पिळत होतं? आत्ता काचेतून पाणी दिसतं का? शेवटचं नीट चाललं त्यानंतर मशीन हलवलं का, घरात नळाचं, फरशीचं, विजेचं काम झालं का? आणि शेवटी, तुमच्या मते काय बिघडलं आहे?

मामा : फोटोऐवजी व्हिडिओ मागव. पंधरा सेकंद, बोलू नका म्हणावं, मशीनच्या खाली फोन धरा. मला पंपाचा आवाज ऐकू दे. तू सांगितलंस ते अंकांचं अर्धंमुर्धं दिसणंही व्हिडिओत कळेल, कोड दोन-तीनदा लुकलुकतोच.

भाची : टाकते. हे चांगलं आहे. बाकी?

मामा : पाणी दिसतं का, हे फक्त समोरून दार असणाऱ्यांना विचार. टॉप लोडवाल्यांना झाकण उघडून बघा म्हण, आणि कपडे बाजूला करून. कपडे पाणी पिऊन बसलेले असतात आणि लोक ‘पाणी नाही’ सांगतात. फरशीचं राहू दे. ते चांगलं विचारलंस.

भाची : मान्य केलंत!

मामा : आणि मायक्रोवेव्ह असेल तर सगळ्यात वर लिही, प्लग काढा आणि काही उघडू नका. बाकीचं नंतर.

भाची : लिहिलं. शेवटची ओळ?

मामा : कुठली?

भाची : ‘तुमच्या मते काय बिघडलं आहे?’

मामा : ती काढ.